विकलेले यंत्र वहीतून कसे काढावे

यंत्र जुने झाले तरी खातेवहीतील यंत्र खात्यावर त्याची मूळ किंमतच दिसत राहते. दरवर्षीचा घसारा संचित घसारा या वेगळ्या खात्यावर साठतो, आणि मूळ किमतीतून तो वजा केला की यंत्राची पुस्तकी किंमत निघते. त्यामुळे यंत्र विकले की यंत्र खाते आणि संचित घसारा या दोन्ही खात्यांवरून त्याचे आकडे काढावे लागतात.

एका वर्कशॉपने 1 एप्रिल 2021 रोजी बसवणुकीच्या खर्चासह 4,00,000 रुपयांचे लेथ मशीन घेतले. मूळ किमतीवर सालाना 10 टक्के, म्हणजे 40,000 रुपये घसारा धरला. 30 सप्टेंबर 2024 रोजी ते 2,30,000 रुपयांना विकले. मार्च 2024 पर्यंतचा घसारा 1,20,000 रुपये होतो. विक्रीच्या वर्षातील सहा महिन्यांचे 20,000 रुपये आधी घसारा खात्याच्या नावे व संचित घसाऱ्याला जमा करावे लागतात. आता एकूण घसारा 1,40,000 आणि पुस्तकी किंमत 2,60,000 रुपये होते. विक्री 2,30,000 रुपयांना झाली, म्हणून तोटा 30,000 रुपये.

यासाठी यंत्र विक्री खाते उघडतात. पहिल्या नोंदीत या खात्याच्या नावे 4,00,000 टाकून यंत्र खात्याला जमा दिली जाते. दुसरीत संचित घसारा नावे पडतो आणि विक्री खात्याला 1,40,000 जमा होतात. तिसरीत बँक खात्याच्या नावे 2,30,000 पडून तेवढीच रक्कम विक्री खात्याला जमा होते. जमा बाजू 3,70,000 झाली. उरलेले 30,000 नफा-तोटा खात्याच्या नावे टाकले की विक्री खाते बंद होते. हेच यंत्र 2,85,000 रुपयांना गेले असते, तर 25,000 रुपये नफा जमा झाला असता. विक्रीवर जीएसटी आकारला असेल, तर ती रक्कम देय कर असते. ती विक्री किमतीत धरत नाहीत.

नेहमीची चूक म्हणजे आलेले 2,30,000 थेट यंत्र खात्याला जमा करणे. मग यंत्र खात्यावर 1,70,000 आणि संचित घसाऱ्यात 1,40,000 तसेच राहतात. ताळेबंदात दारात नसलेल्या यंत्राची 30,000 रुपये किंमत दिसते आणि पुढे त्यावर घसाराही लागत राहतो. प्रत्यक्ष असलेल्या यंत्रांची यादी मूळ किमतींसह करून तिची बेरीज यंत्र खात्याच्या शिलकेशी ताडली, की ही चूक सापडते.

प्राप्तिकराचा हिशेब वेगळा असतो. तिथे घसारा मालमत्तांच्या गटावर मोजतात आणि विक्रीची रक्कम गटाच्या शिल्लक मूल्यातून वजा होते. म्हणून करपात्र उत्पन्न काढताना वहीतील हा 30,000 रुपयांचा तोटा नफ्यात परत मिळवला जातो.