एफ अँड ओचा हिशेब: नफा वेगळा, उलाढाल वेगळी

2025 च्या मध्याला निफ्टीचा एक फ्युचर घेतला की तो सौदा साधारण साडेअठरा लाखांचा असे. वर्षभरात असे पन्नास सौदे झाले, तर मोबाइलवरच्या आकड्यांची बेरीज नऊ कोटींच्या पुढे जाते. मग विवरणपत्र भरायची वेळ आली की नोकरदार माणूस घाबरतो: आपली उलाढाल कोटींमध्ये गेली, आता ऑडिट आलंच. दुसरीकडे, ज्याला वर्षाअखेर तोटाच झालेला असतो तो म्हणतो, कमाईच नाही तर दाखवायचं काय? दोघांचीही समजूत चुकीची आहे. त्यातल्या दुसऱ्याचं तर पैशांचं नुकसान होतं. सेबीने सप्टेंबर 2024 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, आधीच्या तीन आर्थिक वर्षांत एफ अँड ओ करणाऱ्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी 93 टक्के तोट्यात होते. म्हणजे हा हिशेब बहुतेकांच्या बाबतीत तोट्याचाच हिशेब आहे, आणि तो नीट मांडण्यातच त्यांचा फायदा आहे.

आधी कायद्याची बाजू. मान्यताप्राप्त शेअर बाजारात, नोंदणीकृत ब्रोकरमार्फत केलेले एफ अँड ओचे सौदे प्राप्तिकर कायदा सट्टा मानत नाही. 1961 च्या कायद्यातल्या कलम 43(5) मध्ये तसा स्पष्ट अपवाद आहे, आणि आर्थिक वर्ष 2025-26 चा हिशेब याच जुन्या कायद्याखाली होतो. त्यामुळे हे उत्पन्न भांडवली नफा नाही, सट्ट्याचं उत्पन्नही नाही. ते साध्या धंद्याचं उत्पन्न आहे. म्हणून पगारदार असलात तरी विवरणपत्र आयटीआर-3 मध्ये भरावं लागतं. शेअरमधला इंट्राडे मात्र सट्ट्यात जातो. ब्रोकर दोन्हींची पानं वेगळी देतो, ती एकत्र करू नका.

आता प्रत्यक्ष हिशेब. उदाहरणासाठी एक काल्पनिक नोकरदार घेऊ. वर्षभरात त्याने पाचच सौदे पूर्ण केले. पहिला: निफ्टीचा जून महिन्याचा फ्युचर, 75 चा एक लॉट, 24,800 ला घेतला आणि 24,960 ला विकला. प्रत्येकी 160 रुपये, म्हणजे 12,000 रुपये नफा. दुसरा: `NIFTY25JUL25500CE` हा कॉल 140 रुपये प्रीमियमला घेऊन 60 ला विकला, 6,000 तोटा. तिसरा: दोन दिवसांनी तोच कॉल 50 ला घेऊन 90 ला विकला, 3,000 नफा. चौथा: निफ्टीचा एक पुट आधीच विकला, 120 रुपयांना, एक्स्पायरीला त्याची किंमत शून्य झाली, त्यामुळे मिळालेले 9,000 रुपये पूर्ण नफा. पाचवा: एका कंपनीच्या शेअरचा फ्युचर, 500 चा लॉट, 1,420 ला घेतला आणि 1,368 ला सोडला, 26,000 तोटा.

नफ्यातोट्यासाठी या पाच आकड्यांची अधिक-उणे चिन्हांसकट बेरीज करायची. नफे 24,000, तोटे 32,000. निव्वळ तोटा 8,000 रुपये.

उलाढालीसाठी आकडे हेच, फक्त चिन्हं काढून टाकायची. 12,000, 6,000, 3,000, 9,000 आणि 26,000 मिळून 56,000 रुपये. ही त्याची उलाढाल. पहिल्या सौद्यातले 18 लाख 60 हजार यात कुठेही येत नाहीत, कारण निफ्टी नावाची वस्तू त्याने घेतलीही नाही आणि विकलीही नाही. हातात आला तो फक्त फरक. ही पद्धत कायद्याच्या कलमात लिहिलेली नाही. ती सनदी लेखापालांच्या संस्थेने, म्हणजे आयसीएआयने, टॅक्स ऑडिटसाठी काढलेल्या मार्गदर्शक टिपणात आहे आणि सगळे हिशेबनीस तीच वापरतात.

इथे दोन ठिकाणी माणसं अडखळतात.

पहिलं ठिकाण दुसऱ्या आणि तिसऱ्या सौद्याचं. दोन्ही सौदे एकाच कॉलचे. ब्रोकरच्या कर-अहवालात बहुधा प्रत्येक करारासाठी एकच ओळ असते: एकूण खरेदी, एकूण विक्री आणि फरक. तिथे 6,000 चा तोटा आणि 3,000 चा नफा एकमेकांत वळते होऊन फक्त 3,000 चा तोटा दिसतो. अशा ओळी धरल्या तर उलाढाल 56,000 ऐवजी 50,000 येते. निव्वळ तोटा दोन्हीकडे 8,000 च राहतो, बदलते ती उलाढाल. काही ब्रोकर दोन्ही आकडे देतात, एक करारवार आणि एक सौदावार. मला सौदावार आकडा अधिक योग्य वाटतो, कारण टिपणाचा रोख प्रत्येक सौद्यातल्या फरकाकडे आहे, आणि मोठा आकडा धरल्यावर उलाढाल कमी दाखवल्याचा आक्षेप येऊ शकत नाही. रोज त्याच कॉलमध्ये आत-बाहेर करणाऱ्याच्या बाबतीत या दोन आकड्यांत कित्येक पटींचा फरक पडतो. ब्रोकरने फक्त करारवार अहवाल दिला असेल तर ट्रेडबुक उतरवून घ्या आणि आधी घेतलेलं आधी विकलं, या क्रमाने जोड्या लावा.

दुसरं ठिकाण ऑप्शनच्या प्रीमियमचं. आयसीएआयच्या जुन्या टिपणानुसार, ऑप्शन विकून आलेलं प्रीमियम उलाढालीत वेगळं मिळवायचं असे. आपल्या उदाहरणात ते 4,500, 6,750 आणि 9,000 मिळून 20,250 होतं, आणि उलाढाल 76,250 वर जाते. 2022 च्या सुधारित टिपणाने हा दुहेरी मोजणीचा प्रश्न सोडवला: नफा काढताना प्रीमियम आधीच धरलं असेल, तर ते पुन्हा मिळवायचं नाही. चौथ्या सौद्यातले 9,000 आपण नफा म्हणून एकदा मोजलेच आहेत. तरी जुनी कोष्टकं अजून फिरत असतात. तुमच्या सल्लागाराने काढलेली उलाढाल तुमच्या बेरजेपेक्षा बरीच मोठी आली, तर आधी हे प्रीमियम दोनदा आलंय का ते बघा.

आता खर्च. अहवालातला नफा-तोटा बहुतेक वेळा खर्चाच्या आधीचा असतो. दलाली, एसटीटी, बाजाराचं शुल्क, मुद्रांक शुल्क, सेबीचं शुल्क आणि जीएसटी यांची वेगळी यादी असते. हे उत्पन्न धंद्याचं असल्यामुळे एसटीटीसुद्धा खर्च म्हणून वजा होतो, भांडवली नफ्यात ती सोय नाही. आपल्या नोकरदाराचे असे सगळे मिळून 920 रुपये झाले, त्यातले निम्म्याहून जास्त एसटीटीचेच. त्याचा करासाठीचा तोटा 8,920. उलाढाल मात्र 56,000 च राहते, खर्च तिला शिवत नाही.

हा आकडा बरोबर आहे की नाही हे कळायला एक उत्तम पडताळणी आहे: ब्रोकरकडचं लेजर. वर्षाच्या सुरुवातीची शिल्लक शून्य होती. त्याने खात्यात तीन लाख भरले, 50,000 काढून घेतले, सौद्यांत 8,000 गेले, खर्चाचे 920. तर 31 मार्चला शिल्लक 2,41,080 हवी. लेजर दाखवतं 2,40,726. फरक 354 रुपयांचा. शोधल्यावर सापडतं, डिमॅट खात्याचं वार्षिक शुल्क 300 आणि त्यावरचा 18 टक्के जीएसटी. ही रक्कम सौद्यांच्या खर्चाच्या यादीत नव्हती. त्या डिमॅटमध्ये त्याचे दीर्घकाळ ठेवलेले शेअर असतील, तर ती एफ अँड ओच्या खर्चात न घालणंच बरं. पण फरकाचं कारण सापडलं, हे महत्त्वाचं. कारण न सापडणारा फरक उरला, तर बहुधा एखादा सौदा सुटलेला असतो किंवा दोनदा आलेला असतो.

लेजरमध्ये आणखी एक गोष्ट गोंधळात टाकते. फ्युचरचा नफा-तोटा रोज संध्याकाळी खात्यात जमा किंवा नावे पडतो. म्हणून 31 मार्चला एखादा फ्युचर उघडा असेल, तर त्या दिवसापर्यंतची त्याची घट लेजरमधून गेलेली असते, पण अहवालातल्या पूर्ण झालेल्या नफ्यातोट्यात ती नसते. अशा उघड्या पोझिशनचा हिशेब, उलाढालीसकट, ती प्रत्यक्ष सोडली त्या वर्षात धरायचा. वर्षाअखेरच्या कागदी घटीला या वर्षीचा तोटा म्हणता येत नाही. पडताळणी करताना मात्र ही रक्कम बाजूला मांडावी लागते, नाहीतर आकडे कधीच जुळत नाहीत.

राहिला ऑडिटचा प्रश्न. रोखीचा व्यवहार पाच टक्क्यांपेक्षा जास्त नसेल, तर उलाढालीची मर्यादा दहा कोटींची आहे, आणि एफ अँड ओचा व्यवहार सगळा बँकेतूनच होतो. फरकांची बेरीज दहा कोटींवर जाणारा घरगुती ट्रेडर विरळाच. ‘तोटा दाखवला की ऑडिट करावंच लागतं’ हे सरसकट खरं नाही. अंदाजित उत्पन्नाची कलम 44AD ची योजना आधी घेतली आणि पाच वर्षांच्या आत सोडली, शिवाय एकूण उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या वर असेल, तेव्हा लहान उलाढालीलाही ऑडिट लागतं. म्हणूनच एखाद्या नफ्याच्या वर्षी सोपं पडतं म्हणून 44AD खाली विवरण भरण्याआधी पुढच्या वर्षांचा विचार करायला हवा.

आणि तो 8,920 चा तोटा? पगारातून तो वजा होत नाही. पण त्याच वर्षीचं व्याज, घरभाडं किंवा भांडवली नफा यातून होतो. या नोकरदाराला मुदत ठेवीवर 30,000 व्याज मिळालं असेल, तर कर 21,080 वरच लागेल. तोटा मोठा असेल आणि त्या वर्षी जिरला नाही, तर तो पुढची आठ वर्षं धंद्याच्या नफ्यातून वजा करता येतो. अट एकच, विवरणपत्र मुदतीत भरलेलं हवं. उशिरा भरलं तर पुढे नेण्याचा हक्क जातो, मग हिशेब कितीही अचूक असो. ब्रोकरचा अंतिम अहवाल एप्रिल-मे मध्ये तयार होतो. तो तेव्हाच उतरवून ठेवा, सोबत लेजर आणि ट्रेडबुकही. दोन ब्रोकर असतील तर दोघांचेही. आणि 31 मार्चच्या उघड्या पोझिशनची यादी वेगळ्या कागदावर काढून ठेवा, पुढच्या वर्षीच्या हिशेबाची पहिली ओळ तीच असेल.