अर्धवट नोंदींचा पुरा हिशेब

1963 साली अमेरिकेत रक्ताच्या कर्करोगावरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. तीव्र ल्युकेमिया झालेल्या 42 मुलांचा आजार स्टेरॉइडने आटोक्यात आणला होता. पुढे त्यांतल्या 21 जणांना सिक्स-एमपी हे औषध दिलं आणि 21 जणांना तशाच दिसणाऱ्या, पण औषध नसलेल्या गोळ्या. आजार किती आठवड्यांनी उलटतो, एवढंच पाहायचं होतं.

औषध न मिळालेल्या 21 जणांचा हिशेब सरळ होता. सगळ्यांचाच आजार उलटला, निम्म्यांचा आठ आठवड्यांच्या आत. अडचण आली ती औषधाच्या गटात. तिथे 9 जणांचा आजार उलटला. उरलेल्या 12 जणांचा शेवटच्या नोंदीपर्यंत उलटलाच नव्हता. मुलं एकदम नव्हे, तर जसजशी मिळतील तशी अभ्यासात घेतली गेली होती. त्यामुळे या 12 जणांतल्या कुणाची नोंद सहा आठवड्यांची होती, तर कुणाची पस्तीस. अशा नोंदींना ‘सेन्सॉर्ड’ म्हणतात.

त्यांचं करायचं काय? ‘21 पैकी 12 जण बरे राहिले’ असं म्हटलं, तर सहाच आठवडे पाहिलेलं मूल कायमचं बरं धरल्यासारखं होतं. त्यांना वगळलं, तर आजार उलटलेले 9 जणच उरतात आणि औषध निरुपयोगी ठरतं. दोन्ही उत्तरं खोटी आहेत.

एडवर्ड कॅप्लन आणि पॉल मायर या दोन संख्याशास्त्रज्ञांनी 1958 साली मांडलेली रीत इथे उपयोगी पडते. ती म्हणते, संपूर्ण काळाचा एकदम विचार करू नका. ज्या आठवड्यात कुणाचा तरी आजार उलटला, त्या प्रत्येक आठवड्यापाशी थांबा आणि तोपर्यंत निरीक्षणाखाली असलेल्यांपैकी किती जण टिकले, एवढंच विचारा. मग ते अपूर्णांक एकमेकांना गुणत जा.

औषधाच्या गटात सहाव्या आठवड्यापर्यंत सगळे 21 जण निरीक्षणाखाली होते. त्या आठवड्यात तिघांचा आजार उलटला, म्हणून 21 पैकी 18 टिकले: 86 टक्के. त्याच आठवड्यात आणखी एका मुलाची नोंद आजार न उलटता थांबली. म्हणून सातव्या आठवड्याला 17 जण उरले. त्यांतला एक गेला, 16 टिकले. 18/21 ला 16/17 ने गुणलं की 81 टक्के येतात. नोंद थांबलेलं मूल सहाव्या आठवड्यापर्यंत भाजकात मोजलं गेलं आणि मग बाहेर पडलं. त्याने जेवढी माहिती दिली तेवढी वापरली, त्यापुढचं काही गृहीत धरलं नाही. मला या रीतीतला हा प्रामाणिकपणा फार मोलाचा वाटतो. असंच पुढे जाताना रेषा पायरीपायरीने उतरते आणि 23व्या आठवड्याला 45 टक्क्यांवर येते.

दोन रेषांमधला फरक निव्वळ योगायोगाचा तर नाही ना, हे लॉग-रँक चाचणी तपासते. औषधाचा काहीच परिणाम नसता, तर प्रत्येक आठवड्यातल्या घटना दोन्ही गटांत त्या-त्या वेळी उरलेल्या मुलांच्या प्रमाणात वाटल्या गेल्या असत्या. सहाव्या आठवड्याला औषधवाले 21 आणि दुसऱ्या गटातले 12 उरले होते. तेव्हाच्या 3 घटनांपैकी औषधाच्या वाट्याला 1.91 यायला हव्या होत्या. प्रत्यक्षात तिन्ही तिकडेच गेल्या. तो एक आठवडा पाहिला तर औषध वाईटच वाटेल! पण सगळ्या आठवड्यांची बेरीज केल्यावर औषधाच्या गटात अपेक्षित घटना 19.25 निघतात आणि घडलेल्या फक्त 9. दुसऱ्या गटात अपेक्षा 10.75 ची, घडलेल्या 21. निव्वळ योगायोगाने एवढी तफावत पडण्याची शक्यता दहा हजारांत एकाहूनही कमी आहे.

चाचणी फरक खरा आहे का ते सांगते, किती मोठा आहे ते नाही. आणि दोन रेषा मध्येच एकमेकींना छेदत असतील, तर आधीचा तोटा आणि नंतरचा फायदा एकमेकांना खाऊन टाकतात आणि चाचणी खरा फरकही चुकवू शकते. सगळा हिशेब एका अटीवर उभा आहे: नोंद थांबण्याचा प्रकृतीशी संबंध नसावा. प्रकृती ढासळलेले रुग्णच तपासणीला येईनासे झाले, तर रेषा खोटी उंच राहते. म्हणून किती जण मध्येच गळाले आणि का, हे अहवालात शोधावं.

रेषेच्या शेपटाने तर अनेक जण फसतात. या अभ्यासात 23व्या आठवड्यानंतर औषधाची रेषा पस्तीसपर्यंत सपाट दिसते. पण 23व्या आठवड्याला सहाच मुलं उरली होती. एकाचा आजार उलटताच रेषा 54 वरून 45 टक्क्यांवर आली. पुढे पाचच उरली आणि 35व्या आठवड्यापर्यंत पाहिलेलं मूल एकच होतं. ही सपाटी आजार कायमचा गेल्याची खूण नव्हे.

बऱ्याच वैद्यकीय नियतकालिकांत आलेखाखाली त्या-त्या वेळी किती रुग्ण निरीक्षणाखाली उरले, त्याची बारीक ओळ छापलेली असते. रेषेकडे बघण्याआधी ती ओळ वाचा.