‘यशोधरा’ची ‘यशोदा’ होते तेव्हा : मुख्याध्यापकांना अर्ज कसा लिहावा

शिरूर कासार तालुक्यातून दरवर्षी शेकडो कुटुंबे ऊसतोडीला जातात. मुलांची शाळाही त्यामुळे गावी थोडी आणि कारखान्याच्या परिसरात थोडी, अशी होते. प्रवेशाच्या वेळी सोबत कधी आजी असते, कधी चुलता. कागद नसला की नाव तोंडी सांगितले जाते आणि लिहिणारा ऐकेल तसे लिहितो. ‘यशोधरा’ची ‘यशोदा’ होते ती इथेच. आईवडिलांनी विचार करून ठेवलेले नाव जाते आणि पुढे आधारशी मेळ न बसल्याने ‘अपार’ क्रमांक व शिष्यवृत्तीचा अर्जही अडकतो.

अशा वेळी काय करायचे, ते याच उदाहरणावरून पाहू.

अर्ज लिहिण्याआधी शाळेचे जनरल रजिस्टर पाहायला मागा. प्रवेशावेळी मुलाची पहिली नोंद यातच होते आणि दाखला, बोनाफाईड हे सगळे त्यावरूनच निघते. रजिस्टरमध्ये ‘यशोधरा’ असेल आणि चूक फक्त दाखल्यात किंवा निकालपत्रात असेल, तर मुख्याध्यापक ते स्वतः दुरुस्त करून देऊ शकतात. रजिस्टरमध्येच ‘यशोदा’ असेल, तर मात्र त्यांच्या एकट्याच्या सहीने काम होत नाही. माध्यमिक शाळा संहितेनुसार या नोंदीत बदल करण्यासाठी शिक्षणाधिकाऱ्यांची मंजुरी लागते. माध्यमिक शाळेचा प्रस्ताव बीड जिल्हा परिषदेच्या माध्यमिक शिक्षणाधिकाऱ्यांकडे जातो. प्राथमिक शाळेचा प्रस्ताव पंचायत समितीच्या गटशिक्षणाधिकाऱ्यांमार्फत पाठवला जातो.

दोन्ही वेळा अर्ज पालकाने मुख्याध्यापकांच्या नावे करायचा असतो. नमुना असा :

प्रति,
मा. मुख्याध्यापक,
............ विद्यालय, शिरूर कासार, जि. बीड

विषय : जनरल रजिस्टरमधील पाल्याच्या नावातील चूक दुरुस्त करण्याबाबत.

महोदय,
माझी मुलगी इयत्ता ७ वी, तुकडी ... मध्ये शिकत आहे. जनरल रजिस्टर क्रमांक ...... वर तिचे नाव ‘यशोदा’ असे नोंदले गेले आहे. जन्मदाखल्यानुसार तिचे नाव जन्मापासून ‘यशोधरा’ असेच आहे. प्रवेशावेळी ऐकण्यात व लिहिण्यात ही चूक झाली आहे. तरी ‘यशोदा’ऐवजी ‘यशोधरा’ अशी दुरुस्ती करण्यासाठी आवश्यक प्रस्ताव मंजुरीस पाठवावा व मंजुरीनंतर ऑनलाइन नोंदीतही तशी दुरुस्ती करावी, ही विनंती.

सोबत : जन्मदाखला व आधार कार्ड यांच्या प्रती.

आपली/आपला विश्वासू,
पालकाची सही, नाव, पत्ता, दिनांक

यातील ‘दुरुस्ती’ हा शब्द महत्त्वाचा आहे. ‘नाव बदलून मिळावे’ असे लिहिले, तर जुने नाव बरोबर होते आणि आता नवे हवे आहे, असा अर्थ निघतो. मग पालकाला राजपत्राच्या वाटेला लावले जाते. राजपत्र हे नाव बदलल्याचे जाहीर करण्यासाठी असते. लिहिण्यातली चूक सिद्ध करायला प्रवेशाच्या आधीचा जन्मदाखला अधिक कामाचा ठरतो.

अर्जाच्या दोन प्रती न्या. एकीवर शाळेचा शिक्का, आवक क्रमांक व तारीख घ्या. प्रस्ताव पुढे गेला की नाही हे कळत नसेल, तर माहिती अधिकारात जावक क्रमांक विचारा. उत्तरासाठी ३० दिवसांची मुदत आहे.

काही ठिकाणी ‘इथेच खोडून टाकतो’ असे सांगितले जाते. त्याला नम्रपणे नकार द्या. योग्य दुरुस्तीत जुने नाव एका रेघेने कापलेले, तरीही वाचता येणारे असते आणि शेजारी आदेशाचा क्रमांक, तारीख व मुख्याध्यापकांची सही असते. पांढरी शाई लावलेली किंवा गिरवलेली नोंद पुढे जात पडताळणीत संशयाचे कारण ठरते. म्हणूनच नावाच्या अर्जात धर्म किंवा जातीच्या रकान्याचा विषय मिसळू नका. त्याचे पुरावे वेगळे असतात आणि परिणाम पुढच्या पिढीपर्यंत जातात.

ही नोंद किती टिकते, ते आपल्याला ठाऊक आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत झालेली ‘भिवा रामजी आंबेडकर’ ही नोंद आजही दाखवली जाते.

वेळेचेही भान हवे. मूल शाळेत शिकत असतानाच अर्ज करणे सर्वांत सोपे. दहावीच्या परीक्षेआधी मंडळाची प्री-लिस्ट शाळेत येते, त्यातले स्पेलिंग पालकांनी स्वतः वाचावे. मराठीतले ‘प्रज्ञा’ इंग्रजीत दोन-तीन प्रकारे लिहिले जाते, तेव्हा आधारवर जे आहे तेच सगळीकडे ठेवा. गुणपत्रिका छापून आली, की दुरुस्तीसाठी शाळेमार्फत छत्रपती संभाजीनगरच्या विभागीय मंडळाकडे जावे लागते. शाळा सोडल्यानंतर तर उघड दिसणारी चूकच दुरुस्त होऊ शकते आणि ती उघड आहे हे सिद्ध करण्याचा भार आपल्यावर येतो.

वस्तीतल्या कार्यकर्त्यांनी कारखान्यावरून कुटुंबे परतल्यावर, शाळा सुरू होताना, एक काम करावे : प्रत्येक मुलाचा जन्मदाखला, आधार आणि शाळेतील नोंद शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर जुळवावे. सातवीत सापडलेली चूक एका अर्जात सुटण्यासारखी असते.