फोटोचा मोने होतो, पण मधेच पाणी कुठून आलं?

तुमच्या ट्रेकच्या फोटोचं क्लोद मोनेच्या शैलीतलं चित्र करायचंय. त्यासाठी मॉडेलला शिकवायचं कसं? सरळ मार्ग म्हणजे एक फोटो आणि त्याच दृश्याचं चित्र, अशा हजारो जोड्या दाखवायच्या. पण मोनेने जिथे कॅनव्हास मांडला, तिथला त्याच क्षणाचा रंगीत फोटो आणणार कुठून?

२०१७ मध्ये बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या जुन-यान झू, तेसुंग पार्क, फिलिप इसोला आणि अलेक्सी एफ्रॉस यांनी यावर तोडगा मांडला, ‘सायकलगॅन’. यात जोड्या लागतच नाहीत. त्यांनी एका बाजूला मोनेची १०७४ चित्रं घेतली आणि दुसऱ्या बाजूला फ्लिकरवरचे ६८५३ निसर्गाचे फोटो. कुठलं चित्र कुठल्या फोटोचं, हे मॉडेलला कुणीच सांगितलं नाही.

मग ते शिकतं कसं? यात दोन जनरेटर असतात. एक फोटोचं चित्र करतो, दुसरा चित्राचा फोटो. प्रत्येकाच्या डोक्यावर एक परीक्षक बसलेला असतो, डिस्क्रिमिनेटर. ‘हे खऱ्या ढिगातलं वाटतंय की बनावट?’ एवढंच तो तपासतो. पण नुसत्या परीक्षकावर भागत नाही. तुम्ही डोंगराचा फोटो द्याल आणि जनरेटर भलतंच नदीचं चित्र काढून देईल. ते मोनेसारखं दिसलं की परीक्षक खूश! म्हणून दुसरी अट घातली: फोटोचं चित्र कर, त्या चित्राचा पुन्हा फोटो कर आणि मूळ फोटो परत मिळव. हीच सायकल कन्सिस्टन्सी. एखादं मराठी वाक्य इंग्रजीत नेऊन परत मराठीत आणल्यावर तेच मिळायला हवं, तसं.

ऐकायला एकदम फुलप्रूफ वाटतं ना? आता गडबड कुठे होते ते बघा.

समजा, तुम्ही स्वतः मॉडेल ट्रेन करताय. तुमच्याकडच्या १०० चित्रांपैकी ४० चित्रांत पाणी आहे. फोटो मात्र डोंगर-पठारांचे, १०० पैकी फक्त ५ फोटोंत पाणी. परीक्षकाच्या लेखी ‘खऱ्या’ चित्रांत पाणी वारंवार दिसतं. जनरेटरने प्रामाणिकपणे कोरड्या पठाराचं कोरडंच चित्र काढलं, तर ‘कोरडं म्हणजे बहुधा बनावट’ हा धडा परीक्षक शिकतो आणि जनरेटरला शिक्षा होते. मग जनरेटर काय करतो? काही पठारांवर पाणी सोडतो! बग शोधत कोड चाळू नका. मॉडेलला जे सांगितलं, तेच त्याने केलंय. दोन ढिगांतला फरक फक्त शैलीचा नव्हता, विषयाचाही होता. त्यातला कुठला बदलायचा आणि कुठला नाही, हे त्याला कळणार कसं?

‘पण परतीच्या फेरीत हे पाणी पकडलं जाईलच की!’ असं तुम्ही म्हणाल. दरवेळी नाही. २०१७ मध्येच केसी चू आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की, विमानातून घेतलेल्या फोटोंचे नकाशे बनवताना सायकलगॅन मूळ फोटोचे तपशील नकाशात आपल्याला दिसणार नाहीत इतक्या हलक्या खुणांत लपवून ठेवत होतं. परत येताना त्याच खुणा वाचून फोटो जवळपास जसाच्या तसा मिळे. म्हणजे परतीचा फोटो छान आला, याचा अर्थ मधलं चित्र बरोबर आहे असा होत नाही.

दुसरी गोची म्हणजे ढिगात नसलेली गोष्ट. याच टीमने घोड्याचा झेब्रा करून दाखवला होता. घोड्यावर माणूस बसलेला फोटो दिला, तेव्हा त्या माणसाच्या अंगावरही पट्टे उमटले. कारण ट्रेनिंगच्या फोटोंत घोडेस्वार नव्हतेच. निसर्गचित्रांवर शिकलेल्या मॉडेलला सेल्फी देणार असाल, तर हे लक्षात ठेवा.

रंगांसाठी या टीमने आणखी एक अट वापरली. चित्राचा फोटो करणाऱ्या जनरेटरला आधीच फोटो दिला, तर त्याने तो तसाच परत द्यायचा. ही अट नसताना मोनेच्या दिवसाउजेडीच्या चित्रांतून बरेचदा सूर्यास्ताचे फोटो निघत होते. त्यांच्या पायटॉर्च कोडमध्ये यासाठी `--lambda_identity` हा पर्याय आहे. रंग त्याने सांभाळले जातात, पण ढिगांतली विषयांची तफावत त्याने भरून निघत नाही.

त्यावर उपाय ट्रेनिंगच्या आधीच करायचा. दोन्ही ढिगांतली शंभर-शंभर चित्रं उघडा आणि चक्क मोजा: पाणी किती, माणसं किती, संध्याकाळ किती. मोठी तफावत दिसली तर निवड बदला. या टीमनेही मोनेची फक्त निसर्गचित्रंच ठेवली होती. ट्रेनिंगनंतर परतीच्या फोटोवर न जाता मूळ फोटो आणि मधलं चित्र शेजारी ठेवून बघा.

चित्रात जास्तीचं तळं आलं तर आपण हसून सोडून देऊ. पण २०१८ मध्ये जोसेफ कोहेन, मार्गो लक आणि सिना होनारी यांनी मेंदूच्या एमआरआयवर हाच प्रयोग केला. दोन ढिगांत ट्यूमरचं प्रमाण वेगवेगळं ठेवलं, तेव्हा एका प्रकारच्या स्कॅनमधून दुसरा बनवताना मॉडेलने नसलेले ट्यूमर काढले आणि असलेले पुसले. दिसायला ते स्कॅन अगदी खरे होते.