फेरिटिन नॉर्मल आलं, म्हणजे शरीरात लोह पुरेसं आहे का?

ॲनिमियावर प्रबंध किंवा पीएचडीचा आराखडा लिहिणाऱ्यांकडून एक प्रश्न नेहमी येतो: "लोहाची कमतरता ठरवायला फेरिटिनची कोणती मर्यादा धरू?" प्रश्न बरोबर आहे, पण अर्धा आहे. गावात केलेल्या सर्वेक्षणात एक मर्यादा चालते. तीच मर्यादा वॉर्डात दाखल झालेल्या रुग्णाला लावली तर निष्कर्ष उलटा निघू शकतो. हे कसं होतं ते आज दोन रुग्णांच्या आकड्यांवरून बघूया.

दोन्ही रुग्ण समजावण्यासाठी रचलेले आहेत, पण गंगाखेडसारख्या तालुक्याच्या ठिकाणी काम केलंत तर असे रिपोर्ट तुमच्या हातात येतीलच. पहिली बाई 38 वर्षांची, दरवर्षी ऊसतोडीला जाणारी. पाळीत रक्तस्राव जास्त, आणि आता फुप्फुसाचा टीबी निघालाय. दुसरा 55 वर्षांचा शेतकरी, त्यालाही फुप्फुसाचा टीबी. दोघांचे उपचार सुरू व्हायच्या आधीचे आकडे असे:

- बाई: हिमोग्लोबिन 8.4, फेरिटिन 64, सीरम आयर्न 24, टीआयबीसी 270, सीआरपी 68
- शेतकरी: हिमोग्लोबिन 10.1, फेरिटिन 410, सीरम आयर्न 28, टीआयबीसी 200, सीआरपी 72

(हिमोग्लोबिन ग्रॅम प्रति डेसिलिटर, फेरिटिन नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर, आयर्न आणि टीआयबीसी मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर, सीआरपी मिलिग्रॅम प्रति लिटर.)

आधी हिमोग्लोबिन. गरोदर नसलेल्या बाईसाठी 12 च्या खाली आणि पुरुषासाठी 13 च्या खाली म्हणजे ॲनिमिया, म्हणून दोघांनाही ॲनिमिया आहे. हिमोग्लोबिन एवढंच सांगतं. कारण ते सांगत नाही. शिवाय ते उशिरा घसरतं: आधी साठा संपतो, मग रक्तातून होणारा लोहाचा पुरवठा आटतो आणि शेवटी हिमोग्लोबिन उतरतं. फक्त दाहामुळे होणारा ॲनिमिया बहुतेक वेळा सौम्य ते मध्यम असतो. त्यामुळे आकडा 8 च्या आसपास किंवा खाली गेला, की दाहासोबत आणखी काहीतरी आहे का, ही शंका घ्यायची.

आता ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन. ट्रान्सफेरिन हे रक्तातून लोह वाहून नेणारं प्रथिन. त्याच्या एकूण जागांपैकी किती भरल्या आहेत, ते या सूत्रातून कळतं:

```
सॅच्युरेशन (%) = सीरम आयर्न ÷ टीआयबीसी × 100
```

बाईचं 24 ÷ 270, म्हणजे सुमारे 9 टक्के. शेतकऱ्याचं 28 ÷ 200, म्हणजे 14 टक्के. दोन्ही 20 च्या खाली. म्हणजे दोघांच्याही अस्थिमज्जेला लोह कमी मिळतंय. पण का, ते इथेही कळत नाही.

कारण असं आहे. दाह सुरू झाला की इंटरल्युकिन-6 च्या सांगण्यावरून यकृत हेप्सिडिन नावाचं संप्रेरक जास्त बनवतं. पेशीतून लोह बाहेर सोडणारं एकमेव दार म्हणजे फेरोपोर्टिन, आणि हेप्सिडिन ते बंद करतं. आतड्यातून लोह आत येत नाही, जुन्या लाल पेशींमधून निघालेलं लोह मॅक्रोफेजमध्ये अडकतं. कोठारात धान्य आहे, पण कुलूप लागलंय. लोहाची खरी कमतरता असते तेव्हा कोठारच रिकामं असतं. बाहेरून बघणाऱ्याला दोन्हीकडे ताट रिकामंच दिसतं, म्हणून सॅच्युरेशन दोन्हीत कमी येतं.

मग कोठार बघायला फेरिटिन हवं. निरोगी प्रौढात फेरिटिन 15 च्या खाली गेलं की साठा संपला, असं जागतिक आरोग्य संघटना मानते. पण दाहात फेरिटिन साठ्याशी संबंध नसतानाही वाढतं. म्हणून संसर्ग किंवा दाह असलेल्या प्रौढांसाठी संघटनेने 2020 मध्ये 70 ही मर्यादा दिली. आता बाईचं 64 परत वाचा. लॅबच्या छापील रेंजमध्ये ते नॉर्मल बसतं, पण सीआरपी 68 असताना ते कमतरतेच्या बाजूला जातं. शेतकऱ्याचं 410 मात्र कुठल्याही मापाने साठा शिल्लक असल्याचंच सांगतं.

टीआयबीसीकडे नीट बघा, कारण विद्यार्थी ते सूत्रात टाकतात आणि विसरतात. लोह संपलं की शरीर ट्रान्सफेरिन वाढवतं, म्हणून टीआयबीसी चढतं. दाहात ट्रान्सफेरिन कमी बनतं, म्हणून ते उतरतं. शेतकऱ्याचं 200 दाहाशी जुळतं. बाईचं 270 "नॉर्मल" दिसतं, कारण कमतरता ते वर ओढतेय आणि दाह खाली. फेरिटिनचंही तेच झालंय. दोन विरुद्ध ओढींमध्ये सापडलेला आकडा मध्ये थांबतो, आणि आपण त्याला निरोगी समजतो. बाईला दोन्ही आजार आहेत: दाहाचा ॲनिमिया आणि खरी कमतरता.

हा निष्कर्ष बरोबर आहे का, ते पडताळता येतं. टीबीच्या उपचाराचा पहिला, दोन महिन्यांचा टप्पा संपल्यावर दाह ओसरतो. तेव्हा त्याच चाचण्या पुन्हा केल्या तर साधारण असं चित्र दिसेल. शेतकऱ्याचं सीआरपी 8, फेरिटिन 120, सॅच्युरेशन 24 टक्के, हिमोग्लोबिन 12.4. लोहाची एकही गोळी न देता कुलूप उघडलं. बाईचं सीआरपी 6, फेरिटिन 11, टीआयबीसी 390, सॅच्युरेशन 9 टक्केच, हिमोग्लोबिन 9.2. पडदा बाजूला झाला आणि रिकामं कोठार दिसलं. पहिल्या रिपोर्टवर "नॉर्मल" लिहून तिला घरी पाठवलं असतं, तर ती याच अवस्थेत पुढच्या हंगामाला कोयता घेऊन गेली असती. उलट शेतकऱ्याला सुरुवातीलाच लोह दिलं असतं तर ते मॅक्रोफेजमध्ये अडकलं असतं, आणि टीबीचा जंतू नेमका तिथेच राहतो व त्यालाही लोह लागतं.

आता तुमच्या आराखड्यासाठी तीन गोष्टी.

पहिली, फेरिटिन आणि सीआरपी एकाच नमुन्यातून मोजा. सीआरपीशिवाय वॉर्डातलं फेरिटिन वाचताच येत नाही.

दुसरी, नमुना सकाळी उपाशीपोटी घ्या, आणि रुग्णाने लोहाची गोळी कधी घेतली ते विचारून लिहा. सरकारी लाल गोळीत 60 मिलिग्रॅम लोह असतं. ती घेतल्यावर काही तास सीरम आयर्न चढलेलं राहतं आणि सॅच्युरेशन खोटं चांगलं दिसतं. आयर्न अनपेक्षित जास्त आणि फेरिटिन कमी, असा जोड दिसला तर आधी गोळीची चौकशी करा. नुकतंच रक्त चढवलेले रुग्ण वगळा, आणि यकृताचा आजार असलेल्यांची वेगळी नोंद ठेवा, कारण त्यात फेरिटिन दाहाशिवायही वाढतं.

तिसरी, मर्यादा आधीच लिहून ठेवा. दाहाच्या रुग्णांत 30 ते 100 हा पट्टा मिश्र मानणारे वैद्यकीय लेख आहेत, तर जागतिक आरोग्य संघटनेची रेषा 70 वर आहे. फेरिटिन 85 असलेला रुग्ण एका व्याख्येत कमतरतेचा आहे, दुसरीत नाही. आकडे हातात आल्यावर व्याख्या निवडलीत, तर कमतरतेचं प्रमाण तुम्हाला हवं तसं निघेल. दोन्ही व्याख्यांनी उत्तर काढा आणि दोन्ही छापा. 30 ते 100 मधल्या रुग्णांची दाह ओसरल्यावर पुन्हा तपासणी करायची तरतूद आराखड्यात असेल, तर कोणती रेषा तुमच्या वॉर्डात खरी ठरते, ते तुमचाच डेटा सांगेल.