काटा कुठे थांबतो

आमच्या सोसायटीच्या पंपाला 0 ते 21 किलोचा गेज बसवला होता. काटा नेहमी चारच्या आसपास थरथरत असायचा. गच्चीवरची टाकी भरायला दुप्पट वेळ लागू लागला, तेव्हाही तो तिथेच दिसत होता. दाब खरोखर उतरला होता, पण एवढ्या मोठ्या तबकडीवर तो फरक कोणाच्या डोळ्यांत भरला नाही.

गेजची चूक पूर्ण तबकडीच्या टक्क्यांत मोजतात. 1.6 टक्के अचूकतेचा 21 किलोचा गेज चार किलोवरही सुमारे 0.34 किलोने चुकू शकतो. पाण्याच्या उंचीत हे जवळजवळ साडेतीन मीटर, म्हणजे एक मजला.

म्हणून आधी हिशेब करायचा. टाकी पंपापासून 32 मीटर उंच, पाइपातील घर्षणाचे 6 मीटर, एकूण 38. दहा मीटर म्हणजे सुमारे एक किलो, तेव्हा चालू दाब 3.8. पंपाच्या पाटीवर व्हॉल्व्ह बंद असतानाचा हेड 52 मीटर लिहिला आहे, म्हणजे दाब जास्तीत जास्त 5.2. इथे 0 ते 7 चा गेज योग्य: काटा रोज मध्यावर राहतो आणि व्हॉल्व्ह बंद करून पंप तपासला तरी तबकडीच्या पाऊण भागापलीकडे जात नाही.

गेज पंप आणि नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह यांच्या मध्ये बसवावा. व्हॉल्व्हच्या पुढे बसवला, तर पंप बंद होताना परत येणाऱ्या पाण्याचा धक्का थेट त्याच्यावर बसतो. छिद्र पाइपाच्या बाजूला हवे. खाली गाळ साचतो, वर हवा अडकते.

पाइपाला आधी कॉक, मग स्नबर, मग गेज. स्नबर म्हणजे बारीक वाट असलेला छोटा तुकडा. पंख्याच्या प्रत्येक पात्यामागे दाबाची लहर येते. ती या वाटेत मंदावते आणि काटा शांत राहतो. मात्र सच्छिद्र धातूचा स्नबर गढूळ पाण्यात हमखास तुंबतो. अशा ठिकाणी सुईने वाट कमी-जास्त करता येणारा घ्यावा. कॉक त्याच्याआधी असल्यामुळे पंप न थांबवता स्नबर काढून धुता येतो.

गेज आवळताना तबकडी धरून फिरवू नये. आतली वाकडी नळी पिळवटली, की वाचन कायमचे बिघडते. पान्हा खालच्या चौकोनी भागालाच लावावा. टेफ्लॉन टेप पहिला आटा सोडून गुंडाळावी, नाहीतर तिचे तुकडे स्नबरमध्ये जातात. पंप सुरू झाल्यावर कॉक हळूहळू उघडावा.

दाब सोडायचे छिद्र असलेला कॉक थोडा महाग पडतो, पण मी तोच घेईन. तो बंद केला, की गेजमधला दाब बाहेर पडतो आणि काटा शून्यावर यायला हवा. नाही आला, तर स्नबर तुंबला आहे की गेजच बिघडला आहे, हे स्नबर काढून पाहिल्यावर लगेच कळते.

आता आमच्याकडे 0 ते 7 चा गेज आहे. गेल्या महिन्यात काटा 3.8 वरून खाली आला. व्हॉल्व्ह बंद करून पाहिले, तर 5.2 ऐवजी 4.3 दाखवत होता. गळती पाइपात असती, तर बंद व्हॉल्व्हवर दाब पूर्ण आला असता. पंप उघडला, पंख्याच्या कडा झिजल्या होत्या.