नथीचा फोटो आणि फोनचा कॅमेरा

फोन विकत घेताना दुकानदार पहिला आकडा सांगतो तो मेगापिक्सेलचा. पन्नास, एकशेआठ, दोनशे! पण ज्याला घरबसल्या नथी, कानातले किंवा गुळेदगुड्डचे खण इंटरनेटवरून विकायचे आहेत त्याच्या दृष्टीने या आकड्याला फारसे महत्त्व नाही. त्याचे प्रश्न वेगळे आहेत. तीन सेंटिमीटरच्या नथीतली तार आणि मोत्याचे छिद्र स्पष्ट दिसेल का? आणि फोटोतला डाळिंबी खण गिऱ्हाइकाच्या हाती पडल्यावर डाळिंबीच वाटेल का? ‘रंग वेगळा आला’ म्हणून परत आलेल्या पार्सलाचा जाण्यायेण्याचा खर्च बहुधा विक्रेत्याच्याच माथी बसतो. तेव्हा फोन निवडण्याआधी या दोन प्रश्नांमागचे विज्ञान पाहू. त्यासाठी शाळेतले भिंगाचे सूत्र पुरेसे आहे.

किती जवळ जाता येते?

वस्तू भिंगाच्या जवळ आली की तिची प्रतिमा भिंगापासून दूर पडते. प्रतिमा संवेदकावरच पडावी म्हणून फोनमधली एक छोटी मोटर भिंग पुढे सरकवते. किती पुढे? भिंगाचे नाभीय अंतर f आणि वस्तूचे अंतर u असेल, तर भिंग सरकवावे लागते ते अंतर असे:

```
x = f × f / (u − f)
```

समजा, ‘अ’ फोनच्या मुख्य कॅमेऱ्याचे नाभीय अंतर ५ मिमी आहे. १० सेंमीवरची, म्हणजे १०० मिमीवरची नथ स्पष्ट दिसण्यासाठी भिंग २५ ÷ ९५, म्हणजे सुमारे ०.२६ मिमी सरकावे लागेल. ‘ब’ हा महागडा फोन. त्याचा संवेदक मोठा आहे, म्हणून तेवढाच देखावा टिपण्यासाठी त्याचे नाभीय अंतरही मोठे, ७ मिमी. त्याच्या मोटरलाही ०.२६ मिमीच सरकता येत असेल, तर u किती येतो ते काढून पाहा. उत्तर सुमारे १९ सेंमी येते. म्हणजे मोठ्या संवेदकाचा महाग कॅमेरा वस्तूच्या दुप्पट दूर ठेवावा लागतो! संध्याकाळच्या अंधुक प्रकाशात हाच संवेदक सरस ठरतो, पण नथीच्या बाबतीत त्याचा मोठेपणा आड येतो.

आता याचा फोटोवर काय परिणाम होतो ते पाहू. फोनचा नेहमीचा मुख्य कॅमेरा जेवढ्या अंतरावर असेल, त्याच्या सुमारे दीडपट रुंदीचा देखावा तो टिपतो. १० सेंमीवरून १५ सेंमी, २० सेंमीवरून ३० सेंमी. साधारणपणे फोटो १२ मेगापिक्सेलचा साठवला जातो आणि त्याच्या लांब बाजूवर ४००० ठिपके असतात. ‘अ’ फोनमध्ये ३ सेंमीच्या नथीच्या वाट्याला यातला पाचवा भाग, म्हणजे ८०० ठिपके येतात. ‘ब’ फोनमध्ये सुमारे ४००. नथीची तार ०.३५ मिमी जाड असेल तर ती पहिल्या फोटोत नऊ-दहा ठिपक्यांवर पसरेल, दुसऱ्यात चार-पाच ठिपक्यांवर. गुंफण दिसते की नुसती सोनेरी रेघ दिसते, हे या फरकावर ठरते.

‘ब’ फोनवाल्याला यातून दोन वाटा आहेत. पहिली म्हणजे दुप्पट झूम. संवेदक ५० मेगापिक्सेलचा असेल तर त्याचा मधलाच भाग वापरून पुन्हा १२ मेगापिक्सेलचा फोटो मिळतो आणि नथीच्या वाट्याला ८०० ठिपके येतात. मात्र अशा संवेदकात शेजारच्या चार-चार ठिपक्यांवर एकाच रंगाची गाळणी असते. त्यामुळे रंगाचा बारकावा त्या प्रमाणात वाढत नाही. दुसरी वाट म्हणजे अतिरुंद कोनाचा कॅमेरा. त्याला स्वतःचे स्वयंचलित फोकस असेल तर तो दोन-तीन सेंमीपर्यंत जवळ जाऊ शकतो. पण इतक्या जवळून फोनची सावलीच नथीवर पडते आणि पुढचा मोती मागच्यापेक्षा फुगलेला दिसतो. ‘मॅक्रो’ म्हणून वेगळा दिलेला २ मेगापिक्सेलचा कॅमेरा तर बहुधा स्थिर फोकसचा असतो. कागदावर एक कॅमेरा वाढतो, इतकाच त्याचा उपयोग.

माहितीपत्रकात हे सारे क्वचितच दिलेले असते, पण दुकानात ते दोन मिनिटांत पडताळता येते. मिलिमीटरच्या खुणा असलेली पट्टी टेबलावर ठेवा आणि फोन हळूहळू खाली आणत फोटो घ्या. रेघा शेवटच्या ज्या फोटोत धारदार आहेत, त्याच्या लांब बाजूत किती मिलिमीटर मावले ते मोजा. ४००० ला त्या संख्येने भागले की एका मिलिमीटरला किती ठिपके मिळाले ते कळते. दागिन्यांसाठी २५ च्या पुढचा आकडा चांगला. एक मेख मात्र लक्षात ठेवा. जवळ गेल्यावर काही फोन गुपचूप दुसऱ्या कॅमेऱ्याकडे वळतात. चित्र किंचित उडी मारते. शंका आली तर मुख्य भिंगावर बोट ठेवा. पडद्यावर तरीही चित्र दिसत असेल, तर ते दुसऱ्याच भिंगातून येत आहे.

उजेड मोठा हवा, प्रखर नव्हे

मोती हा एक छोटा बहिर्गोल आरसा आहे. त्याच्यात समोरच्या दिव्याची प्रतिमा दिसते. दिवा लहान असेल तर ती प्रतिमा म्हणजे एक डोळे दिपवणारा ठिपका, आणि बाकीचा मोती काळवंडलेला. फोनचा फ्लॅश नेमके हेच करतो, म्हणून तो बंदच ठेवावा. तोच प्रकाश हातभर रुंद पांढऱ्या कापडातून किंवा ट्रेसिंग पेपरमधून आला, तर मोत्यावर मंद, रुंद चमक पसरते आणि त्याची गोलाई कळते. येथे महत्त्व दिव्याच्या वॉटचे नाही, तर वस्तूवरून पाहता उजेडाचा स्रोत केवढा दिसतो याचे आहे. म्हणून कापड वस्तूच्या जितके जवळ तितके चांगले. दुसऱ्या बाजूला पांढरा पुठ्ठा उभा केला की सावल्याही उजळतात. सोन्याच्या पत्र्यात आपला हात आणि काळा फोनही दिसतो. तो टाळायला थोडे दूर जाऊन झूम वापरणे हाच उपाय.

खिडकीचा उजेड उत्तम, पण ढग आला की बदलणारा. सकाळी दहा खणांचे आणि दुपारी उरलेल्या दहांचे फोटो काढले तर दोन्ही गटांचे रंग जुळणार नाहीत. नित्य काम करणाऱ्याने एकाच जातीचे दोन एलईडी दिवे घ्यावेत आणि फोटो काढताना खिडकीचा पडदा ओढावा. दोन रंगांचे उजेड मिसळले, तर खणाची एक बाजू निळसर आणि दुसरी पिवळट होते आणि कोणत्याही एका दुरुस्तीने ती सुधारत नाही.

दिवा घेताना खोक्यावर CRI हा आकडा पाहावा. तो ९० किंवा अधिक असावा. स्वस्त एलईडीत निळा प्रकाश भरपूर, पण गडद तांबडा कमी असतो. जो प्रकाश खणावर पडलाच नाही, तो परावर्तित होणार कोठून? अशा दिव्याखाली डाळिंबी रंग मातकट दिसतो. फोटोत आडवे पट्टे आले, तर दिवा सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतो आहे असे समजावे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्‌झची असल्याने असे होते. शटर १/१०० किंवा १/५० सेकंदावर ठेवले की पट्टे बहुधा जातात.

कॅमेऱ्याचा अंदाज आणि आपले माप

कॅमेऱ्याला दिव्याचा रंग माहीत नसतो. तो समोरचे चित्र पाहून अंदाज बांधतो आणि लाल, हिरवा, निळा या घटकांना कमीजास्त गुणून पांढरे पांढरे दिसेल असे करतो. यालाच श्वेत संतुलन म्हणतात. चित्रात अनेक रंग असतील तर अंदाज बरा जमतो. पण सारी चौकट लाल खणाने भरली असेल तर? ‘उजेडच तांबडा असावा’ असे समजून कॅमेरा लाल कमी करू लागतो. हिरव्या खणापाशी नेमके उलटे घडते.

हे मोजून पाहता येते. नळाच्या आट्यांना गुंडाळतात ती पांढरी टेफ्लॉनची फीत घ्या. पुठ्ठ्याच्या तुकड्यावर तिचे वीस-पंचवीस वेढे देऊन तो खणाशेजारी ठेवा. झेरॉक्सचा कागद येथे चालत नाही. त्यात चकाकी आणणारी द्रव्ये असतात, ती अतिनील किरण शोषून निळा प्रकाश सोडतात. टेफ्लॉन सर्व रंग जवळजवळ सारखेच परावर्तित करते. आता फोटोतल्या फितीवरचे लाल, हिरवा, निळा हे तीन आकडे एखाद्या चित्र-संपादन ॲपमध्ये वाचा. समजा, लाल खणाच्या फोटोत ते २०५, २२२, २२६ आले. तिन्ही सारखे असायला हवे होते, म्हणजे लाल कमी पडला आहे. लाल घटकाला २२२ ÷ २०५, म्हणजे सुमारे १.०८ ने गुणले की तो हिरव्याच्या बरोबरीला येतो. निळा ०.९८ ने गुणला की झाले.

दर फोटोला असे गुणाकार करण्यापेक्षा संतुलन एकदाच ठरवून कुलूपबंद करणे बरे. म्हणून फोन निवडताना दुसरी कसोटी ही: कॅमेऱ्याच्या ॲपमध्ये Pro किंवा तत्सम भाग आहे का, आणि तेथे WB, ISO व शटर हे तिन्ही हाताने ठरवता येतात का? दुकानात लाल आणि हिरव्या वस्तूशेजारी तीच फीत ठेवून दोन फोटो घ्या. दोन्हींत फितीचे आकडे सारखे आले तर फोन उत्तीर्ण. चेहरा, जेवण, फुले ओळखून रंग भडक करणारी सोय बंद करता येते का तेही पाहा.

इतके करूनही काही रंग हाती लागत नाहीत. अतिशय गडद राणी रंगाच्या फोटोत लाल घटक २५५ या कमाल आकड्याला जाऊन अडकतो. मग विणकामाच्या उजळ-गडद छटा पुसल्या जाऊन खण सपाट रंगवलेला दिसतो. उजेडाचे माप थोडे उतरवले की वीण परत दिसू लागते. तरीही काही मोरपंखी आणि राणी छटा सामान्य पडद्याच्या रंगमर्यादेबाहेरच राहतात. शिवाय गिऱ्हाइकाचा पडदा आपल्या हाती नाही. अशा खणाखाली ‘प्रत्यक्षात याहून किंचित गडद’ एवढी ओळ लिहिणे हे कोणत्याही कॅमेऱ्याला न जमणारे काम करते.

पट्टी, टेफ्लॉनची फीत आणि दोन रंगीत कापडे एवढ्या साहित्यात हा प्रयोग वर्गातही होतो. विद्यार्थ्यांच्या घरचे चार-पाच फोन आणून प्रत्येकाचे ‘मिलिमीटरला ठिपके’ आणि फितीचे आकडे फळ्यावर मांडा. शेजारी फोनच्या किमती लिहा. दोन्ही रकान्यांचा क्रम जुळतो का, ते मुलांनाच ठरवू द्या.